'टेस्टिमोनियल्स'ला 'अभिप्राय' म्हणावं का?

मीरा_क: काकांच्या गॅरेजच्या संकेतस्थळाचा मराठी मजकूर मी करतेय. 'टेस्टिमोनियल्स' या पानाला 'ग्राहकांचे अभिप्राय' असं नाव दिलंय. बरोबर वाटतं का? पानावर सहा मजकूर आहेत. चार काकांनीच लिहिलेत, ओळखीच्या ग्राहकांना विचारून खाली त्यांची नावं घातलीत. गूगलमध्ये तारे दिसावेत म्हणून साइट करणाऱ्या मुलाने हेही टाकलंय:

```json
"@type": "AutoRepair",
"aggregateRating": {
  "@type": "AggregateRating",
  "ratingValue": "4.9",
  "reviewCount": "6"
}
```

बोरूबहाद्दर: अभिप्राय ज्याचा त्याचा असतो. मालकाने लिहून ग्राहकाच्या तोंडी घातला तर तो अभिप्राय कसला? मी 'प्रशस्ती' म्हणेन. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, भरभरून स्तुती कोरून घेतली आहे. पण आई बोलते आहे हे तिथे उघड लिहिलंय, रयतेच्या नावावर खपवलेलं नाही.

हेमंत७१: शब्द नंतर बघा, आधी तो कोड काढा! २०१९ मध्ये गूगलने यावर बंदी घातली. सापडलात तर अख्खी साइट शोधातून बाद.

तारामंडळ: साल बरोबर, बाकी जरा जास्त झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने जाहीर केलं की एखाद्या व्यवसायाबद्दलचे अभिप्राय त्याच्याच साइटवर असतील, तर `LocalBusiness` आणि `Organization` या प्रकारांसाठी त्यांचे तारे शोधनिकालात दाखवणार नाही. `AutoRepair` हा `LocalBusiness`चाच उपप्रकार आहे. तेवढ्यावरून साइट बाद होत नाही, शिक्षाही होत नाही. तारे दिसत नाहीत, इतकंच.

मीराताई, तुमच्याकडची अडचण मात्र त्याच्या पुढची आहे. तो कोड यंत्राला सांगतो की सहा लोकांनी गुण दिले आणि सरासरी ४.९ आली. चौघांनी गुण दिलेलेच नाहीत, आणि उरलेल्या दोघांनी तरी आकडा दिला होता का? शिवाय ज्याची गाडी तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडली त्याचा मजकूर काका पानावर घेणार नाहीत. कुणाला मोजायचं हे ज्याला मोजायचंय तोच ठरवतो, म्हणून त्या सरासरीला अर्थ राहत नाही. आकडा पदरचा असेल तर चुकीच्या मार्कअपबद्दल गूगलकडून कारवाईही होऊ शकते.

मीरा_क: पण गूगलच्याच रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये हिरवी खूण येतेय.

तारामंडळ: ती चाचणी कोडची रचना तपासते. 4.9 कुठून आला हे तिला विचारता येत नाही. त्यामुळे हिरवी खूण येते आणि तारे येत नाहीत, मग लोक महिनोन्महिने कोडमध्ये चूक शोधत बसतात.

सुगरण_सांगली: बाई गं, मी घरचे मसाले विकते. गोड्या मसाल्याच्या पानावर गिऱ्हाइकं स्वतः तारे देतात. ते पण काढू?

तारामंडळ: नको. ते एका वस्तूबद्दल, घेणाऱ्यांनी दिलेले आहेत. `Product` म्हणून चालतं, फक्त ते अभिप्राय पानावर वाचणाऱ्यालाही दिसले पाहिजेत. हेच तारे 'सुगरण' या अख्ख्या उद्योगाला लावलेत तर नियम लागू होतो.

हेमंत७१: मग गॅरेजलाही `Product` करून टाका की.

तारामंडळ: ही पळवाट बरेच जण काढतात. गॅरेज ही वस्तू नव्हे. पान एक सांगतंय आणि कोड दुसरं, म्हणजे पुन्हा चुकीचा मार्कअप.

मीरा_क: काकांना सांगितलं. म्हणाले, नकाशावर आम्हाला खरे अभिप्राय आलेत, तेच विजेट लावून पानावर आणू.

तारामंडळ: लावा खुशाल, वाचणाऱ्याला उपयोग होईल. तारे मात्र त्यानेही येत नाहीत. बाहेरच्या विजेटमधून आलेले अभिप्रायही त्याच नियमात धरलेत.

मीरा_क: त्यांचं दुसरं म्हणणं, समोरच्या गॅरेजला तारे दिसतात ते कसे?

तारामंडळ: त्या ओळीवर पत्ता कुणाच्या साइटचा आहे ते बघा.

मीरा_क: बघितलं. गावातल्या दुकानांची यादी देणारी साइट आहे, गॅरेजची नाही.

तारामंडळ: मग बरोबर. दुसऱ्यांबद्दलचे अभिप्राय गोळा करणाऱ्याला ते चालतं.

बोरूबहाद्दर: आता शब्दाकडे याल का? काकांनी लिहिलेले चार मजकूर काढून त्यांच्या नावाने 'आमच्याविषयी'त घाला. उरलेल्या दोघांना 'अभिप्राय' म्हणायला माझी हरकत नाही.

सुगरण_सांगली: 'ग्राहक म्हणतात' असं साधं लिहा की.

बोरूबहाद्दर: दोनच ग्राहक आहेत, बाई.

मीरा_क: कोड आज काढला. चार मजकुरांचं काका ऐकत नाहीयेत. ते म्हणतात, बोलले तेच आहेत, मी फक्त शुद्धलेखन केलं.