वीस बोंडांची पर्यायी मांडणी

"पुढच्या आठवड्यात गावात गुलाबी बोंडअळीवर बोलायचे आहे. प्रोजेक्टर बंद पडला तर काय करावे?"

कोणत्या स्लाइडवाचून श्रोत्याला मुद्दा पटणारच नाही, हे आधी कागदावर लिहून काढावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऐन वेळी वीज गेली, तेव्हा माझ्या २४ स्लाइडपैकी अशा दोनच निघाल्या : डोमकळीचे छायाचित्र आणि नुकसानीच्या पातळीचा आलेख. डोमकळी शेतातूनच आणता येते. आलेखाच्या जागी मी आता त्याच सकाळी, त्याच गावच्या शेतातून, वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडून घेतो, ती शेतकऱ्यांकडूनच फोडून घेतो आणि अळी निघालेली बोंडे वेगळी ठेवायला सांगतो. दोन निघाली की १० टक्के, म्हणजेच फवारणीचा निर्णय घेण्याची पातळी, सर्वांच्या डोळ्यांसमोर येते. (फोडलेली सर्व बोंडे नंतर तिथेच नष्ट करावीत.) यात दहा-बारा मिनिटे जातात, म्हणून अळीच्या जीवनक्रमाचा भाग निःसंकोच गाळावा. कीटकनाशकाची मात्रा मात्र केवळ तोंडी सांगू नये, कारण मागच्या रांगेत आकडा चुकीचा ऐकू जातो. ती छापील चिठ्ठीवरच द्यावी, आणि या चिठ्ठ्या प्रोजेक्टर चालू असला तरी सोबत असाव्यात.