चालून चरबी जाते म्हणणाऱ्यांसाठी

जिमवाला_जळगाव
मेहरूणच्या तलावाला रोज तासभर फेऱ्या मारणाऱ्यांना एकदाच सांगतो. चालून चरबी जात नाही. वीस मिनिटं इंटरव्हल मारा, म्हणजे थोडी जोरात दौड, मग थोडं चालणं, पुन्हा दौड. त्यानंतर दिवसभर शरीर आपोआप जाळत राहतं. वजनं उचलणाऱ्याने तर चालण्यात वेळ घालवूच नये, मसल जातो. ज्याला पटत नाही त्याने पुरावा द्यावा.

गिरणाकाठ
सहसा अशा पोस्टला उत्तर देत नाही, पण "मसल जातो" वाचलं आणि चहा गार झाला.

ते "दिवसभर जाळत राहतं" आधी घेऊ. व्यायाम थांबल्यावर शरीर थोडा वेळ जास्त ऑक्सिजन घेतं, हे खरं आहे. पण ती जादा खपत त्या व्यायामाच्या खर्चाच्या सहा ते पंधरा टक्के, त्यातही वरचा आकडा फार जोरात केलं तरच. तीस सेकंदांच्या आठ दौडी आणि मधलं चालणं मिळून समजा पावणेदोनशे कॅलरी गेल्या, तर मागाहून मिळणारा बोनस पंधरा-पंचवीसचा. आपल्याकडच्या भाषेत पाव केळं. त्या पाव केळ्यावर अख्खी फिटनेसची दुकानदारी उभी आहे.

आता चालणं. माझं वजन 86 होतं. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर या वेगाने तासभर चाललो की बसून राहण्यापेक्षा साधारण 215 कॅलरी जास्त जातात. म्हणजे चरबीच्या हिशोबात दोघं जवळजवळ सारखेच. दोन्ही गट समोरासमोर ठेवून जे अभ्यास झाले, त्यांचा सूरही तोच आहे.

फरक आहे तो पायांना काय किंमत पडते यात. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मीही तुझ्यासारखाच पेटलो होतो. सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी बेंच, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी खांदे-पाठ. बुधवार आणि शनिवार मोकळे, म्हणून तिथे मैदानावर दौडी टाकल्या. तिसऱ्या आठवड्यात 140 किलोची डेडलिफ्ट पाचच्या जागी तीनवर अडकली. मला वाटलं झोप कमी पडतेय. पाचव्या आठवड्यात 130 लाच कंबर वाकायला लागली आणि त्याच शनिवारी सहाव्या दौडीत मांडीच्या मागे चटका बसला. दहा दिवस जिना चढताना कठड्याला धरून. सहा आठवड्यांत वजन उतरलं दीड किलोच्या आत.

चूक दौडीची नव्हती, बुधवारची होती. सोमवारच्या स्क्वॉटमधून पाय सावरत होते तेवढ्यात मी ते पुन्हा पिळून काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांवर डेडलिफ्ट मागितली.

भुसावळ_लोको
तुनं बरोबर शे भाऊ, पण एक राहिलं. झोन टूमध्येच, म्हणजे ठोके बेताचे असतानाच चरबी जळते, जोरात गेलं की साखर जळायला लागते. म्हणून सकाळी उपाशीपोटी चालायचं. मी ड्युटीवरून आलो की चहासुद्धा न घेता जातो.

गिरणाकाठ
अर्धं बरोबर. चालताना इंधनात चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. पण सकाळी चरबी जळली आणि दुपारी ताटातून तेवढीच परत आली तर पट्ट्याचं भोक तेच राहतं. हिशोब अख्ख्या दिवसाचा लागतो. उपाशी जायला आवडत असेल तर जा, त्याने जास्त काही पदरात पडत नाही.

जिमवाला_जळगाव
मोठी पोस्ट लिहिली म्हणजे बरोबर होत नाही. तबाता पद्धत जपानमध्ये सिद्ध झालेली आहे. चार मिनिटांत काम.

गिरणाकाठ
1996 चा तो अभ्यास सायकलवर होता. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद थांबायचं, असे सात-आठ फेरे. मोजलं काय? दम आणि ताकदीचा साठा. चरबी मोजलीच नव्हती. आणि तो जोर असा की शेवटच्या फेऱ्यात पायडल फिरत नाही. आपल्या जिममध्ये तबाता म्हणून जंपिंग जॅक मारतात आणि मधे मोबाईल बघतात, ते वेगळं प्रकरण.

कळण्याची_भाकर
मला एक सांगा, मी 58 वर्षांची आहे. मुलाने घड्याळ दिलंय. कितीही भरभर चालले तरी ठोके 95 च्या वर जात नाहीत. घड्याळ म्हणतं झोन एक. म्हणजे माझी सगळी मेहनत फुकटच ना? बीपीची गोळी चालू आहे.

गिरणाकाठ
ताई, बीपीच्या काही गोळ्या ठोके मुद्दाम खालीच ठेवतात. तुमची गोळी त्यातली असेल तर तुमच्यासाठी घड्याळाचे झोन बिनकामाचे. मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा दम लागला की झालं. इंटरव्हलच्या नादाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू नका, इथे कोणी कितीही पुरावे मागो.

नंदुरबारी_मिरची
घड्याळाचं निघालंच आहे तर माझंही ऐका. जानेवारीत ज्या चालीला 118 ठोके, त्याच चालीला मे महिन्यात संध्याकाळी सहाला 134. मी खूश, म्हटलं जास्त जळतंय.

गिरणाकाठ
जळत काही जास्त नाही. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे पळतं, घामाने पाणी कमी होतं, मग तेवढ्याच कामाला हृदय जास्त वेळा धडकतं. आपल्या उन्हाळ्यात ठोक्यांवर वेग ठरवला तर एकतर गोगलगायीसारखं चालावं लागेल नाहीतर भोवळ येईल. पहाटे साडेपाचला निघा.

भुसावळ_लोको
पहाटे चालून काय उपयोग भो, तलावाबाहेर सातला कचोरी-पोहे सुरू होतात. अर्धी गर्दी तर त्यासाठीच येते.

नंदुरबारी_मिरची
कचोरीचं सोडा, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की आमचे सगळे जिमवाले म्हणतात, "भरीत म्हणजे वांगं, हलकं असतं."

कळण्याची_भाकर
असतंच हलकं. वांग्यात काय असतं?

नंदुरबारी_मिरची
वांग्यात काही नसतं काकू, फोडणीत असतं. आमच्या मागच्या पार्टीला दहा जणांत एक लिटर शेंगदाणा तेल संपलं. पुऱ्यांचं वेगळं.

गिरणाकाठ
माणशी शंभर मिली धर. तेल ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे आठशेच्या वर. माझे चार तास चालणे.

कळण्याची_भाकर
दहा जणांना लिटरभर तेल? ते भरीत नव्हे, तेलात बुडवलेलं वांगं. आमच्याकडे काड्यांवर वांगी भाजतात, मिरची-लसूण ठेचून बडगीत घोटतात, कांद्याची पात, शेंगदाणे आणि फोडणी वाटीभर. तेल वर तरंगलं तर सासूबाई ताट परत करायच्या.

भुसावळ_लोको
तेल न सुटलेलं भरीत पाहुण्याला वाढून बघा काकू. उठून जातील. बामणोदच्या वांग्याचा अपमान आहे हा.

कळण्याची_भाकर
वांगं चांगलं असलं की तेल लपवायला लागत नाही. तुम्हाला चांगलं वांगं मिळत नसेल.

भुसावळ_लोको
वांग्यावर जाऊ नका!

जिमवाला_जळगाव
झालं का भरीत? माझा मुद्दा वेळेचा होता. माझं दुकान रात्री साडेनऊला बंद होतं. सकाळी सात ते आठ जिम. रोज तासभर फिरायला मी काय रिटायर आहे का? तळ्यावर फिरणाऱ्यांकडे वेळ आहे, म्हणून त्यांना ज्ञान सुचतं.

गिरणाकाठ
हे आधी लिहिलं असतंस तर मी एवढा चिडलो नसतो. वेळ कमी असेल तर इंटरव्हलला तोड नाही, आणि दम वाढवायला ते चालण्यापेक्षा बरेच सरस आहेत. मान्य. पण "चालून चरबी जात नाही" हे तू लिहिलंस, वेळेबद्दल नाही.

मांडी बरी झाल्यावर मी काय केलं ते सांगतो. दौड बंद, जिममधली सायकल सुरू, कारण तिच्यावर पाय जमिनीवर आपटत नाहीत आणि मांडीच्या मागचा भाग ताणला जात नाही. आठवड्यात एकदाच, आणि तेही सोमवारी, स्क्वॉट आटोपल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी. म्हणजे पायांचा त्रास एकाच दिवशी उरकला आणि गुरुवारपर्यंत पूर्ण दोन दिवस मोकळे मिळाले. संध्याकाळी जमत नसेल तर स्क्वॉटनंतर लगेच कर, पण आधी कधीच नको. बाकी पाच दिवस पाऊण तास चालणं. पुढच्या सहा आठवड्यांत 84.6 वरून 82.9, आणि 140 ला पाच रिपीटेशन परत आले. जेवण दोन्ही वेळा सारखंच होतं, निदान मला तसं वाटतं.

वेळ नाही तर तासाचं ओझं घेऊ नकोस. ट्रेडमिलला सहा टक्के चढ दे, त्याच वेगाला खर्च दुपटीने वाढतो. पंचवीस-तीस मिनिटांत तासाचं काम. फक्त कठड्याला लोंबकळायचं नाही, नाहीतर चढ कागदावरच राहतो.

लळिंगचा_चढ
धुळ्याचा आहे. आमच्याकडे ट्रेडमिल कशाला, लळिंग किल्ला आहे. रविवारी चढतो. पण सोमवारी स्क्वॉटला मांड्या अशा दुखतात की खाली बसलो की उठवत नाही. चढण्याने एवढं होतं का?

गिरणाकाठ
चढण्याने नाही, उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, दुखणं तिथून येतं. दर रविवारी गेलास तर महिन्याभरात कमी होईल. तोवर स्क्वॉट मंगळवारी ढकल.

जिमवाला_जळगाव
सहा टक्के चढ ठीक आहे. पण आमच्या जिममध्ये ट्रेडमिल दोनच, एक बंद, दुसरीवर वीस मिनिटांची मर्यादा. आणि सायकलची सीट तुटकी. तुमचं सगळं गणित तुमच्या जिमपुरतं. मी दौडी सोडणार नाही. बुधवारच्या सोमवारी आणीन, एवढंच. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, बुधवारी तसाही माल उतरवायला गाडी येते.

गिरणाकाठ
गाडीचे उपकार.

भुसावळ_लोको
काकू, तुमच्याकडची वांगी कुठली ते सांगाच.