मदत हवी आहे : नफा 2 कोटी, लाभांश शून्य

आईकडे शेअर बाजारात नोंद नसलेल्या एका कंपनीचे शेअर्स आहेत. यंदा निव्वळ नफा 2 कोटी, पण लाभांश नाही. हिशेब पाहिले तर ग्राहकांकडची येणी 1.4 कोटींनी वाढलीत, 80 लाखांची यंत्रं घेतलीत आणि बँकेत जेमतेम 15 लाख आहेत. म्हणजे राखीव नफा रोख पडून नाही, एवढं कळलं.

माझी अडचण पुढची आहे. पाच वर्षांत 5 कोटी राखून ठेवले, वार्षिक नफा मात्र 40 लाखांनीच वाढला. म्हणजे राखलेल्या पैशावर फक्त 8 टक्के! हा हिशेब असाच करतात का? संचालक मंडळाने सुचवलेल्यापेक्षा जास्त लाभांश सभेत मंजूर करता येत नाही, म्हणून निदान नेमका प्रश्न विचारायचा आहे. जुनी, बुडण्याच्या बेतातली येणी कुठल्या टिपेत दिसतील? जाणकारांनी कृपया सांगावं.