मदत हवी आहे: लॅबच्या पिल्लाच्या फूडची रिपीट ऑर्डर कशी लावू?

नमस्कार मंडळी, वाळपईला राहतो, घरी चार महिन्यांचं लॅब पिल्लू आहे. लार्ज ब्रीड पपीवालंच फूड ऑनलाईन मागवतो, कारण मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तर हाडं नीट वाढत नाहीत, म्हणून वरून सिरपही देत नाही. घटकांत पहिलं नाव चिकनचं आहे पण ताज्या चिकनमध्ये पाणीच जास्त, त्यामुळे ते वजनाने वर येतं, मग चिकन मील पहिलं असलेलं घ्यावं का?

खरी अडचण पिशवीची. रोज साधारण 300 ग्रॅम लागतं, म्हणजे 3 किलो 10 दिवसांत संपतं. 10 किलोची स्वस्त पडते पण महिनाभर उघडी राहणार, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात दाणे मऊ पडतात, खवट वास येतो, एक्स्पायरी तर बंद पिशवीचीच असते ना.

म्हणून 3 किलोच्या दोन पिशव्या दर 20 दिवसांनी लावायचा विचार आहे, पहिली ऑर्डर एक आठवडा आधी, म्हणजे पार्सल रखडलं तरी घरात शिल्लक राहील. पण पिल्लू वाढतंय तसं प्रमाण बदलणार, मग ऑटो ऑर्डर ठेवावी की दरवेळी हाताने करावी? आणि पाठवायच्या आधी एक्स्पायरीचा फोटो देणारा विक्रेता कोणाला माहीत आहे का, आमच्या सत्तरी तालुक्यात डिलिव्हरी करणारा?