विषय: आत्याची पेन्शन, बेळगावच्या खात्यात या वेळी 2,304 रुपये कमी

प्रेषक: वैशाली, लेस्टर

नमस्कार मंडळी,
टिळकवाडीच्या आत्याची इथली स्टेट पेन्शन तिच्या बेळगावच्या बचत खात्यात थेट जाते. चार आठवड्यांचे 640 पौंड. मागच्या वेळी 73,216 रुपये जमा झाले, या वेळी 70,912. पौंड तेवढेच आहेत. ती शाखेत जाऊन आली, त्यांनी सांगितलं, आम्ही एक पैसाही कापलेला नाही. मग 2,304 रुपये गेले कुठे? दर तेरा आठवड्यांनी घ्यायचा पर्याय आहे म्हणतात, तो घेतला तर हे थांबेल का? तिला या आठवड्यात पत्र टाकायचंय, लवकर सांगा.

प्रेषक: दिलीप, क्रॉयडन

वैशाली, बँक कापते आणि नाही म्हणते, हे नेहमीचं आहे. आत्यांना सांग, मॅनेजरकडे चांगला दर मागा, जुने ग्राहक असतील तर देतात. आणि तेरा आठवड्यांचं नक्की करा. तेरा वेळा कापण्याऐवजी वर्षाला चारच वेळा कापलं जाईल, सरळ हिशेब आहे.

प्रेषक: प्रशांत, स्लाव

आत्यांनी नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाण केलंय का? बोटाचा ठसा जुळला नाही तर पेन्शन अडकते. खडे बाजारच्या बाजूला सेवा केंद्रात करून मिळतं.

प्रेषक: सुधाकर, शहापूर

वैशाली, सगळ्यात आधी आत्यांचं पासबुक छापून आण आणि जमा नोंदीपुढचा तपशील वाच. पौंडाचे रुपये कोणी केले, हे त्यावरून कळतं, आणि ते कळल्याशिवाय बाकीच्या सल्ल्याचा उपयोग नाही.

तिथलं पेन्शन कार्यालय परदेशातल्या खात्यात पैसे पाठवतं ते त्या देशाच्या चलनात. नोंद एनईएफटीसारखी देशांतर्गत दिसत असेल, तर पैसे बेळगावला पोचायच्या आधीच रुपये झालेले आहेत. शाखेने पौंड पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे "आम्ही कापलं नाही" हे त्यांचं म्हणणं खरं आहे. दिलीपराव, अशा वेळी मॅनेजरकडे दर मागून काही मिळत नाही, कारण दर त्यांच्या हातातच नसतो. उलट तपशिलात परदेशी रेमिटन्स दिसत असेल आणि शाखा 'इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस' देऊ शकत असेल, तर पौंड तिथेच मोडलेले आहेत. त्या कागदावर आलेले पौंड, लावलेला दर आणि कापलेली रक्कम वेगवेगळी लिहिलेली असते.

आता 2,304 चा हिशेब. जमा रुपयांना पौंडांनी भाग. मागच्या वेळी 114.40 आला, या वेळी 110.80. मग त्या दोन दिवशी बाजारात पौंडाचा मधला दर काय होता तो बघ. तो तुझ्याकडे असेल तर टाक, म्हणजे बाजारामुळे किती गेले आणि बदलणाऱ्याने किती ठेवले हे वेगळं करता येईल.

प्रशांत, जीवन प्रमाण हे भारत सरकारच्या आणि इथल्या पेन्शनीसाठी. ब्रिटनच्या पेन्शनीला ते चालत नाही.

प्रेषक: वैशाली, लेस्टर

काका, जमा झालेल्या दिवसांचे दर शोधले. मागच्या वेळी 116.00, या वेळी 112.35. पासबुकाचं उद्या सांगते.

प्रेषक: सुधाकर, शहापूर

मग चित्र स्पष्ट आहे. मागच्या वेळी 116 ला 114.40, म्हणजे पौंडामागे 1.60 गेले. या वेळी 112.35 ला 110.80, म्हणजे 1.55. दोन्ही वेळा साधारण 1.4 टक्के. 640 पौंडांवर ते हजार रुपयांच्या आसपास होतात: आधी 1,024, आता 992. म्हणजे या वेळी बदलण्याचा खर्च 32 रुपयांनी कमीच झालाय. 2,304 रुपये कमी आले ते पौंडच साडेतीन रुपयांहून अधिक उतरला म्हणून.

फरक अगदी पैशापर्यंत जुळेलच असं नाही. रुपये झाले तो दिवस आणि जमा झाले तो दिवस एक नसतो. मध्ये तिकडची बँक हॉलिडे किंवा इकडे 1 नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी आली तर अंतर वाढतं. म्हणून एका हप्त्यावरून काही ठरवू नका. पाच-सहा हप्ते एका कागदावर मांडा. टक्का 1.4 च्या आसपास टिकला तर कोणी नव्याने कापत नाहीये. अचानक 3 झाला, किंवा दर ठीक असून ठरावीक रक्कम गळायला लागली, तर चौकशीला कारण आहे.

तेरा आठवड्यांचं म्हणाल तर आत्यांच्या बाबतीत वाचत काहीच नाही. 1.4 टक्के हे टक्के आहेत. 640 वर वर्षात तेरा वेळा द्या नाहीतर 2,080 वर चार वेळा द्या, पौंडामागे तेवढेच जातात. उलट पूर्ण तिमाहीचे पैसे एकाच दिवसाच्या दरावर पडतात. तो दिवस पौंड घसरल्याचा निघाला तर सगळेच कमी येणार. 2016 च्या जूनमध्ये ब्रेक्झिटच्या निकालाच्या दिवशी पौंड रुपयाच्या तुलनेत एका दिवसात सहा-सात रुपयांनी पडला होता. चार आठवड्यांनी घेतलं की वर्षात तेरा वेगवेगळे दर लागतात आणि चढउतार आपोआप थोडा विरतो. घरखर्च या पैशावर चालत असेल तर मी चार आठवडेच ठेवेन.

प्रेषक: दिलीप, क्रॉयडन

पण काका, दर वेळी ठरावीक आकार लागतच असणार की. तो तरी वाचेल ना?

प्रेषक: मीनाक्षी, निपाणी

सुधाकरभाऊजी, माझं उलटं आहे का बघा. ह्यांच्या कंपनीची पेन्शन ह्यांच्यामागे मला मिळते, ती तिथल्याच बँकेत जमा होते. मी दर महिन्याला 600 पौंड स्विफ्टने निपाणीला मागवते. तिकडची बँक 20 पौंड घेते, वाटेतली कुठली तरी बँक आणखी थोडे काढते, आणि इथली बँक बाजारापेक्षा दोन रुपये कमी दर लावते. वर जीएसटी वेगळा. मी तीन महिन्यांचे एकदम मागवू का?

प्रेषक: सुधाकर, शहापूर

मीनाक्षीवहिनी, हो, तुम्ही मागवा. दिलीपराव म्हणतात तो ठरावीक आकार तुमच्याकडे खरोखरच आहे, आत्यांकडे तो दिसत नाही.

बाजार 115 आणि बँकेचा 113 धरू. महिन्याला दरात 1,200 रुपये जातात. तीन महिन्यांचे एकदम आणले तरी 3,600 जाणारच, तिथे बचत नाही. तिकडचे 20 पौंड मात्र तीनदाऐवजी एकदाच जातील, म्हणजे 40 पौंड, जवळपास साडेचार हजार रुपये तीन महिन्यांत वाचले. वाटेतल्या बँकेची कपातही एकदाच होईल. तिकडे आकार भरताना 'सगळा खर्च पाठवणाऱ्याचा' असं निवडलंत तर ती कपात बहुधा टळते, पण तिकडची बँक त्याचे जादा घेते, तेवढं आधी विचारा.

जीएसटीकडे फार बघू नका. तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का हे मूल्य धरून त्यावर 18 टक्के, आणि एक लाखाच्या वरच्या भागावर अर्धा टक्का धरून. तुमच्या 67,800 रुपयांवर तो 122 रुपये येतो. तीन महिन्यांच्या 2,03,400 वर 273. तीनदा मिळून 366 झाला असता, म्हणजे वाचतात 93 रुपये. त्यासाठी कोणी काही बदलू नये.

आणि दराच्या फलकावर 'टीटी बाइंग' हा रकाना बघा. नोटांचा दर वेगळा, विक्रीचा वेगळा. नेटवरचा मधला दर कुठलीच शाखा देत नाही. पण टीटी बाइंगहूनही कमी लावला असेल तर तक्रार करता येते.

प्रेषक: अरुण, रेडिंग (खजिनदार)

हे बरंच मागच्या गणपतीच्या सभेत मांडलं होतं आणि पत्रकही पाठवलं होतं. कृपया बँकेचे प्रश्न पेन्शन गटात घ्या, कार्यक्रमाची पत्रं यात हरवतात. आलोच आहे तर सांगतो: परत गेलेल्यांनी एनआरई खात्यात पेन्शन घ्यावी, व्याजावर कर नाही.

प्रेषक: सुधाकर, शहापूर

अरुण, इथे चूक होतेय आणि लोक त्यावर चालतील, म्हणून लिहितो. कायमचं परत आल्यावर एनआरई चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते रहिवासी खातं करून घ्यावं लागतं, किंवा पैसे आरएफसी खात्यात न्यावे लागतात. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी इथे प्रश्न नागरिकत्वाचा नाही, वास्तव्याचा आहे. पत्रकात तसं छापलं असेल तर दुरुस्त करा.

वहिनी, तुमच्यासाठी आरएफसी विचारण्यासारखं आहे. परदेशातल्या मालकाकडून मिळणारी पेन्शन त्यात पौंडातच ठेवता येते आणि दर पटला की मोडता येते. पण निपाणीची शाखा परकीय चलन हाताळत नसेल तर बेळगावला यावं लागेल. आत्यांची पेन्शन सरकारची आहे, मालकाची नाही. ती आरएफसीत घेतील की नाही, यावर दोन बँकांकडून मला दोन उत्तरं मिळालीत.

प्रेषक: प्रशांत, स्लाव

मग हयातीचा दाखला ब्रिटनसाठी लागतच नाही का?

प्रेषक: मीनाक्षी, निपाणी

प्रशांत, लागतो. स्टेट पेन्शनीचा फॉर्म तिकडून टपालाने घरी येतो. साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा. नातेवाईक किंवा त्याच घरात राहणारी व्यक्ती चालत नाही. मुदतीत गेला नाही तर पेन्शन थांबते. त्यांच्याकडे पत्ता बरोबर हवा. इमारतीचं नाव, गल्ली आणि पिनकोड सगळं द्यायचं. गावाचं नाव 2014 ला बेळगावी झालं, त्यामुळे कागदांवर दोन्ही सापडतात.

आणि नावाचं बघा. माझ्या खात्यावर मधलं नाव आहे, तिकडे नव्हतं. एकदा पैसे परत गेले, आणि परत जाताना दोन्हीकडचे आकार कापले गेले. खातं बदलताना पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच कळवायचं.

प्रेषक: वैशाली, लेस्टर

पासबुक आलं. नोंद एनईएफटी आहे, शाखेत पौंडाचा कागद नाही. म्हणजे काका म्हणाले तसंच. तेरा आठवड्यांचं पत्र टाकत नाही.

एक राहिलं. आत्याचं इथलं जुनं बचत खातं अजून चालू आहे. पेन्शन तिथे घेऊन तीन महिन्यांनी ऑनलाइन कंपनीकडून पाठवली तर? एकीने 2,080 पौंडांना 12 पौंड आणि मधला दर सांगितलाय. 115 ने 2,37,820 होतात. आत्ताच्या वाटेने 1.4 टक्के जाऊन सुमारे 2,35,900.

प्रेषक: सुधाकर, शहापूर

हिशेब बरोबर आहे, तिमाहीला एकोणीसशे रुपये. भारतात राहणाऱ्यांची ब्रिटनची स्टेट पेन्शन दरवर्षी वाढत नाही, गोठलेलीच राहते, म्हणून हे एकोणीसशेही कमी नाहीत. पण दर वेळी पाठवणार कोण, तू की आत्या? तिमाही वाट बघणं तिला जमेल का? आणि बदललंच तर नव्या खात्यात पहिला हप्ता पडेपर्यंत इथलं खातं बंद करू नका.

प्रेषक: दिलीप, क्रॉयडन

आधी त्या बँकेला विचार, टिळकवाडीचा पत्ता दिला तर खातं ठेवतील का. परदेशी पत्ता दिसला की काही बँका बंद करायची नोटीस काढतात. तुझ्या लेस्टरच्या पत्त्यावर ठेवू नकोस, पुढे अडचण होते.

प्रेषक: वैशाली, लेस्टर

सोमवारी शाखेत जाते. आत्याची सही लागेल का, कोणाला ठाऊक?