प्रोब-टोन प्रयोग: डोक्यातली स्वरांची उतरंड, की नुकतंच ऐकलेल्याची आठवण?

मानसी: संगीताच्या मानसशास्त्राच्या पेपरसाठी क्रमहान्सल आणि केसलर यांचा 1982चा प्रयोग वाचतेय. आधी एखादी की, म्हणजे एका आधारस्वराभोवतीची स्वरचौकट, ठसवणारे कॉर्ड्स ऐकवायचे, मग बारापैकी एक स्वर, तोच प्रोब-टोन. तो किती जुळतो याला 1 ते 7 गुण. सी मेजरमध्ये सीला 6.35, जीला 5.19, एफ शार्पला 2.52. पण लोक फक्त ताजं ऐकलेलं आठवून गुण देत नसतील कशावरून?

खर्जातला: तेच करतात. लेमान यांनी 2000मध्ये ऐकण्याच्या अल्पकालीन स्मृतीचं मॉडेल चालवलं आणि गुणांचा आलेख बराचसा जुळला. कोणता स्वर किती स्थिर याची शिकलेली उतरंड डोक्यात आहे, असं मानायची गरजच उरत नाही. विषय संपला.

देवदत्त: इतक्यात नाही संपत. क्रमहान्सल आणि शेपर्ड यांच्या 1979च्या प्रयोगात सी मेजरचे सात स्वर फक्त एकेकदा वाजवले, शेवटचा सी गाळून. नुसती मोजदाद असती तर सातही स्वरांना सारखे गुण पडायला हवे होते. संगीत शिकलेल्यांनी मात्र सी, ई, जी वर ठेवले. न शिकलेल्यांनी शेवटच्या स्वराला उंचीने जवळ कोण, एवढंच पाहिलं. म्हणून तर पुढच्या, 1982च्या प्रयोगात सप्तक ओळखू येणार नाही असे स्वर वापरले.

शुभा: माझा आवाज काळी दोनला बसतो. ती पट्टीही अशी शोधता येईल का?

देवदत्त: नाही, ती गळ्याची सोय. इथे प्रश्न ऐकलेल्या सुरावटीचा आधारस्वर कोणता, हा आहे.

आकडेमोड: तो शोधणारी क्रमहान्सल-श्मक्लर पद्धत मी चालवून पाहिली. प्रत्येक स्वर एकूण किती वेळ वाजला ते घ्यायचं आणि चोवीस कींच्या गुणपत्रिकांशी, म्हणजे प्रत्येक कीत बारा स्वरांना मिळालेल्या गुणांशी, सहसंबंध काढायचा. पियानोच्या सातही पांढऱ्या पट्ट्यांना सारखा वेळ दिला, तर सी मेजर 0.76, ए मायनर 0.71, जी मेजर 0.68. म्हणजे निकाल केसाच्या फरकाने! शिवाय सुरावट ए स्वरावर संपवा नाहीतर उलटी वाजवा, आकडे तसेच राहतात.

खर्जातला: मग पद्धत बहिरीच म्हणायची.

देवदत्त: क्रमाच्या बाबतीत, हो. बटलर आणि ब्राऊन यांचा आक्षेप तोच होता. ब्राऊन यांनी 1988मध्ये तेच स्वर वेगळ्या क्रमाने ऐकवले, तर लोकांना आधारस्वर वेगळा वाटला. एफ आणि बी यांच्यासारखं दुर्मीळ अंतर कुठे, कोणत्या क्रमाने येतं, याला ते महत्त्व देतात. पण लांब तुकड्यांत कोणता स्वर किती वेळ वाजला या वाटणीवरून की बऱ्याचदा बरोबर निघते, हेही खरं.

मानसी: मग बीला फक्त 2.88 का? तो तर सीकडे सर्वांत जास्त ओढतो.

देवदत्त: कारण विचारलं जातं ते 'जुळतो का', 'पुढे काय येईल' असं नाही. ओढ आणि स्थैर्य वेगळी. बी अस्थिर आहे म्हणूनच ओढतो.

खर्जातला: हे पटलं. पण 1979चं उत्तर शिकलेल्यांपुरतंच. बाकीच्यांच्या डोक्यात काय आहे, ते त्या प्रयोगातून कळत नाही.