प्रतिसाद: टाइप ए की टाइप बी?

> "पायलट घड्याळ रोज घालायचंय. टाइप ए घेऊ की टाइप बी?"

टाइप ए घ्या, दादा. १९४१ मध्ये आलेल्या टाइप बीच्या कडेला ५ ते ५५ असे मिनिटांचे मोठे आकडे असतात आणि तास आतल्या छोट्या वर्तुळात. विमानातल्या नेव्हिगेटरला मिनिटं महत्त्वाची, म्हणून ती रचना. दसरा चौकात सिग्नलला गाडीवर बसून ओझरतं बघताना आपल्याला आधी तास हवा असतो, तो टाइप एवर ठळक दिसतो. बाराच्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका असतो, त्यामुळे मनगट तिरकं असलं तरी वरची बाजू लगेच कळते. मूळ घड्याळं ५५ मिलिमीटरची, जॅकेटवरून बांधायची. तुम्ही ४० च्या आतलंच बघा.